प्रकल्प नोंदी: प्रवाळ खडकाचा डोलोमाइट व्हायला किती पाणी लागतं?

१० जून

कोअरची पेटी आज टेबलावर मांडली. एका प्रवाळ बेटावरच्या जुन्या बोअरचे हे तुकडे, आणि प्रत्येकावर फक्त खोली लिहिलेली आहे. वरच्या भागातले तुकडे पांढरे आणि हलके आहेत. त्यांत प्रवाळाच्या सांगाड्याचे कप्पे नुसत्या डोळ्यांना दिसतात. खालचे तुकडे पिवळसर, जड आणि साखरेसारखे दाणेदार आहेत. त्यांत प्रवाळ राहिलेला नाही, मात्र त्याच्या आकाराच्या पोकळ्या शिल्लक आहेत. वरचा खडक चुनखडक, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा; खालचा डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्हींच्या कार्बोनेटचा. प्रकल्पाचा प्रश्न एवढाच की वरचा खडक खालच्यासारखा कसा झाला. या नोंदी द्वितीय वर्षाच्या मुलांना वाचायला द्यायच्या आहेत, म्हणून पायऱ्या गाळत नाही.

पहिली पायरी अ‍ॅसिडची. १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब पांढऱ्या तुकड्यावर टाकला की जोरात फसफसतो. पिवळसर तुकड्यावर थेंब जवळजवळ गप्प बसतो, पण चाकूने खरवडून केलेल्या पुडीवर टाकला की बुडबुडे येतात. कॅल्साइट आणि डोलोमाइट यांतला हा फरक सगळ्यांना पाठ असतो. मात्र सच्छिद्र खडकात ही चाचणी फसवते. डोलोमाइटच्या स्फटिकांमध्ये थोडं कॅल्साइट सिमेंट उरलं असेल तर तेच फसफसतं आणि अख्खा तुकडा चुनखडक म्हणून नोंदवला जातो. म्हणून थेंब टाकल्यावर भिंगातून बघायचं की बुडबुडे नेमके कुठून निघतात, दाण्यातून की दोन दाण्यांमधल्या फटीतून.

१३ जून

डोलोमाइटकडे जाण्याआधी मूळ खडक वाचून घेतला. प्रवाळ भित्ती म्हणजे एकसंध दगडी भिंत नव्हे. लाटांच्या तोंडाशी प्रवाळांचा सांगाडा जागच्या जागी उभा असतो, त्यावर लाल शैवालांचे थर चढतात आणि सगळं एकमेकांना बांधून ठेवतात. डनहॅमच्या १९६२ सालच्या वर्गीकरणात हा बाऊंडस्टोन. समुद्राच्या बाजूच्या उतारावर भित्तीचे फुटलेले तुकडे साठतात. आतल्या शांत लगूनमध्ये बारीक चुन्याचा चिखल बसतो, त्यात तुरळक शंख-शिंपले आणि फोरॅमिनिफेरा असतात. चिखलातच दाणे तरंगत असतील तर मडस्टोन किंवा वॅकस्टोन, आणि चिखल नसून दाणे एकमेकांना टेकले असतील तर ग्रेनस्टोन.

मुलं ही नावं परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. आपल्याला ती दोन कारणांसाठी हवीत. सांगाड्यातून आणि ग्रेनस्टोनमधून पाणी सहज वाहतं, चिखलातून नाही. उलट, चिखलाचे कण अतिसूक्ष्म असल्यामुळे त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि रासायनिक बदल तिथे लवकर सुरू होतो. म्हणजे पाण्याला सोपी जागा वेगळी आणि बदलाला सोपी जागा वेगळी. एकाच कोअरमध्ये डोलोमाइट ठिपक्याठिपक्यांनी दिसतो, त्याचं बरंचसं उत्तर या ओढाताणीत आहे.

खनिजांचं म्हणाल तर प्रवाळाचा सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा असतो, लाल शैवालांचा भरपूर मॅग्नेशियम असलेल्या कॅल्साइटचा. दोन्ही अस्थिर. नुसता वेळ गेला तरी ती साध्या कॅल्साइटमध्ये बदलतात. याचा अर्थ डोलोमाइट ज्या खडकावर बसतो तो खडकही तोवर स्थिर झालेला असेलच असं नाही.

१८ जून

थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे खडकाचे पातळ काप, तयार झाले. स्टेनिंगसाठी डिक्सनची पद्धत वापरली: सौम्य, १.५ टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये अ‍ॅलिझरिन रेड एस आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. अर्ध्या-पाऊण मिनिटात कॅल्साइट गुलाबी-लाल होतो आणि डोलोमाइट रंग घेत नाही. लोहयुक्त डोलोमाइट असेल तर निळसर छटा येते. आमच्या तुकड्यांत निळं काही नाही. समुद्राच्या ऑक्सिजनयुक्त पाण्यात लोह विरघळलेलं नसल्यासारखंच असतं, तेव्हा बेटावरच्या डोलोमाइटला ते शोभतं. खोल गाडल्या गेलेल्या खडकात निळा रंग बऱ्याचदा सापडतो.

मधल्या खोलीचा एक तुकडा सगळ्यात बोलका निघाला. त्यातल्या चिखलाच्या जागी बारीक, नितळ समचतुर्भुज स्फटिक आलेत. लाल शैवालाचा तुकडा पूर्ण डोलोमाइट झालाय, तरी त्याची पेशींची जाळी जशीच्या तशी दिसते, कारण मुळातच मॅग्नेशियम असलेल्या त्या कॅल्साइटवर डोलोमाइटचे बीजस्फटिक दाटीने आणि जुन्या स्फटिकांच्याच दिशेने बसले. शेजारचा प्रवाळ मात्र बदललेलाच नाही, तो विरघळून गेला आणि मागे पोकळी राहिली. पोकळीच्या काठावर नितळ डोलोमाइटचं अस्तर आहे.

या एका चित्रातून क्रम लावता येतो. चिखल आणि शैवाल आधी बदलले, प्रवाळ नंतर विरघळला, आणि अस्तर त्याच्याही नंतरचं, कारण पोकळी झाल्याशिवाय तिला अस्तर लागणार कसं? शिवाय अस्तर हे मुळात बदल नव्हेच. तिथे डोलोमाइट थेट पाण्यातून रिकाम्या जागेत वाढला. एकाला प्रतिस्थापन म्हणायचं, दुसऱ्याला सिमेंट. रासायनिक पृथक्करणात दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात. त्यामुळे विश्लेषणाचे आकडे घेऊन बसण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली वेळ घालवलेला बरा, असं माझं ठाम मत आहे.

२४ जून

आज हिशेब. समीकरण पुस्तकातलंच:

```
2CaCO3 + Mg2+ → CaMg(CO3)2 + Ca2+
```

म्हणजे दोन कॅल्साइटमागे एक मॅग्नेशियम आत आणि एक कॅल्शियम बाहेर. आता ४० टक्के सच्छिद्रतेचा एक घनमीटर भित्तीचा खडक घेऊ. घन भाग ०.६ घनमीटर. सगळा कॅल्साइट धरला तर घनता २.७१, म्हणून वस्तुमान साधारण १,६२६ किलो. तेवढ्याचा डोलोमाइट करायला सुमारे ८,१२० मोल, म्हणजे १९७ किलो मॅग्नेशियम लागतं.

समुद्राच्या एक किलो पाण्यात मॅग्नेशियम १.२९ ग्रॅम असतं. एका घनमीटर पाण्यात १.३२ किलो. भागाकार केला की १५० घनमीटर पाणी येतं. पण हे झालं पाण्यातलं शेवटचं मॅग्नेशियमही काढून घेतलं तर, आणि तसं होत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं मोलमधलं गुणोत्तर ५.२ असतं. बदल होत जातो तसं मॅग्नेशियम घटतं आणि बाहेर पडलेलं कॅल्शियम त्याच पाण्यात साठतं. मॅग्नेशियमचा जेमतेम दहावा हिस्सा वापरला गेला तरी हे गुणोत्तर ३ च्या जवळ घसरतं आणि पाण्याचा जोर कमी होतो. म्हणून दहा टक्केच वापर धरला. तेव्हा एका घनमीटर खडकाला १,५०० घनमीटर पाणी लागतं. खडकातल्या रिकाम्या जागा एका वेळी ०.४ घनमीटर पाणी धरतात, म्हणजे ते पाणी हजारो वेळा बदलून जायला हवं.

पाणी आलं कुठून हा प्रश्न नाही, बेटाभोवती समुद्रच आहे. प्रश्न ते खडकातून वाहतं कसं याचा. दर चौरस मीटरमधून वर्षाला १० सेंटिमीटर पाणी वाहतं असं धरलं, तर पहिला घनमीटर बदलायला १५,००० वर्षं. प्रवाहाच्या दिशेने १०० मीटर जाडीचा खडक बदलायचा तर १५ लाख वर्षं. यातला १० सेंटिमीटरचा आकडा मी गृहीत धरलेला आहे. तो दहापट वाढवला तर वेळ दहापट कमी होईल. पण एवढं नक्की की साचलेल्या पाण्याने डोलोमाइट होत नाही. भित्ती गाडली जाताना रंध्रांत अडकलेलं पाणी एकदाच वापरलं, तर वरच्या गृहीतकाने खडकाचा तीन हजारावा भागही बदलत नाही. खोल गाडल्यावर सगळं आपोआप होतं असं सांगणाऱ्या उत्तराला इथे अडवायचं आणि पाणी हलवलं कोणी ते विचारायचं.

२६ जून

त्याच हिशेबाचं शेपूट, सच्छिद्रतेचं. दोन मोल कॅल्साइटचं आकारमान ७३.९ घनसेंटिमीटर, एक मोल डोलोमाइटचं ६४.३. घट सुमारे १३ टक्के. म्हणजे आपला ०.६ घनमीटर घन भाग ०.५२ वर येतो आणि सच्छिद्रता ४० वरून जवळपास ४८ टक्क्यांवर जाते. मूळ खनिज अ‍ॅरागोनाइट असेल तर तो आधीच घट्ट असतो, त्यामुळे घट फक्त ६ टक्क्यांच्या आसपास.

‘डोलोमाइट झाला की सच्छिद्रता वाढते’ हे वाक्य इथून जन्मलं. ते अर्धंच खरं आहे. वरचं समीकरण कार्बोनेट बाहेरून येत नाही असं मानतं. प्रत्यक्षात वाहतं पाणी कार्बोनेटही आणतं, पोकळ्यांत सिमेंट भरत जातं, आणि काही डोलोमाइट मूळ चुनखडकापेक्षाही घट्ट होतात. आमचा सगळ्यात खालचा तुकडा तसाच आहे. पण एक गोष्ट खरी की डोलोमाइटची चौकट दाबाखाली चुनखडकापेक्षा चांगली तग धरते. खोल विहिरींत डोलोमाइट जास्त सच्छिद्र आढळतो, त्यामागे बदलाच्या वेळची वाढ कमी आणि पुढचं हे टिकून राहणं जास्त, असं मला वाटतं.

१ जुलै

एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचे, आलेख आले. तांब्याच्या किरणांखाली कॅल्साइटचं मुख्य शिखर २९.४ अंशांवर, आदर्श डोलोमाइटचं ३०.९६ वर. आमचं शिखर थोडं डावीकडे, ३०.८० वर आहे. डोलोमाइटमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर स्फटिकाची जाळी फुगते आणि शिखर तसं सरकतं. लम्सडेनचं सूत्र आंतरथर अंतरावरून कॅल्शियम कार्बोनेटचं मोल टक्के देतं:

```
N = 333.33 × d − 911.99
d = 2.886 Å  →  N = 50.0
d = 2.901 Å  →  N = 55.0
```

३०.८० अंश म्हणजे २.९०१ अँगस्ट्रॉम, म्हणून आमच्या डोलोमाइटमध्ये ५५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. तरुण बेटांवरचे डोलोमाइट असेच कॅल्शियमकडे झुकलेले असतात. हा फरक अवघा ०.१६ अंशांचा आहे, आणि इथेच सावध राहायला हवं. पुडी धारकात दाबताना पृष्ठभाग एक दशांश मिलिमीटर खाली-वर झाला तरी शिखर नेहमीच्या उपकरणात ०.०७ अंशांच्या आसपास सरकतं, म्हणजे दोन टक्के कॅल्शियमची चूक नुसत्या हाताने होते. उपाय जुना आहे: पुडीत थोडं क्वार्ट्झ मिसळायचं, त्याचं शिखर २६.६४ वर आणून बसवायचं आणि मग बाकीचं वाचायचं. वरचं ३०.८० हे तसं बसवल्यानंतरचं.

दुसरी गोष्ट क्रमबद्धतेची. खऱ्या डोलोमाइटमध्ये कॅल्शियमचा एक थर आणि मॅग्नेशियमचा एक थर असे आलटून पालटून येतात. हा क्रम असेल तरच २२.०, ३५.३ आणि ४३.८ अंशांवर लहान शिखरं उमटतात. ती नसतील तर रासायनिक प्रमाण कितीही जुळलं तरी तो फार तर जास्त मॅग्नेशियमचा कॅल्साइट. आमच्याकडे ती आहेत, बुटकी पण स्पष्ट.

५ जुलै

क्रमबद्धतेवरून एका मुलीने विचारलं, “मॅडम, समुद्राचं पाणी डोलोमाइटसाठी अतिसंपृक्त आहे म्हणता, मग समुद्राच्या तळाशी तो का साचत नाही?” प्रश्न रास्त आहे. लिंटन लँड यांनी २५ अंश सेल्सियसला हजारपट अतिसंपृक्त द्रावण ३२ वर्षं ठेवलं आणि डोलोमाइट झाला नाही. १९९८ साली त्यांनी ते अपयश रीतसर प्रसिद्ध केलं.

अडचण मांडणीची आहे. मॅग्नेशियमचा आयन भोवतीचे पाण्याचे सहा रेणू घट्ट धरून असतो, ते सुटल्याशिवाय तो स्फटिकात बसत नाही. त्यातून वाढत्या पृष्ठभागावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कुठेही चिकटतात, चुकीच्या जागी बसलेला थर पुढची वाढ अडवतो. २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइडो विद्यापीठांच्या गटाने यावर तोडगा दाखवला. द्रावण सतत अतिसंपृक्त न ठेवता मधूनमधून असंपृक्त होऊ दिलं, की चुकीचे बसलेले अणू आधी विरघळतात आणि नीट बसलेले राहतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ८० अंशांना, दोन तासांत शलाकेचे ४,००० झटके देऊन त्यांनी सुमारे ३०० थर वाढवले. निसर्गात भरती-ओहोटी आणि पावसामुळे पाणी असंच खालीवर होतं. मात्र हा प्रयोग स्फटिक कसा वाढतो ते सांगतो. १९७ किलो मॅग्नेशियम खडकाच्या आत कसं पोचतं हे त्याने सुटत नाही, तो वेगळा प्रश्न आहे.

११ जुलै

पाणी हलवणारं इंजिन शोधायला खरी बेटं पाहिली. एनेवेटाक हे पॅसिफिकमधलं कंकणद्वीप. १९५२ मध्ये तिथे दोन खोल बोअर १,२६७ आणि १,४०५ मीटरांवर बेसॉल्टला लागले. ज्वालामुखी खचत गेला आणि प्रवाळ वर चढत राहिला, हे डार्विनचं १८४२ मधलं म्हणणं त्याने सिद्ध झालं. आपल्याला त्याच्या तळाचा भाग हवा आहे. डोलोमाइट साधारण १,२५० ते १,४०० मीटर खोलीवर, इओसीन काळाच्या खडकात आहे, वर नाही.

तिथेच का? समुद्राचं पाणी खोल जाताना थंड होतं, दाब वाढतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइडही जास्त असतो. पॅसिफिकच्या त्या भागात सुमारे १,००० मीटरखाली पाणी कॅल्साइटसाठी असंपृक्त होतं, पण डोलोमाइटसाठी अजून अतिसंपृक्त असतं. एकच पाणी कॅल्साइट विरघळवतं आणि डोलोमाइटला जगू देतं. इंजिन उष्णतेचं आहे. कंकणद्वीपाच्या मध्यभागी खालून येणाऱ्या उष्णतेने रंध्रांतलं पाणी तापून वर चढतं, आणि त्याची जागा घ्यायला उतारावरून थंड समुद्राचं पाणी आत ओढलं जातं. फ्लोरिडाच्या पठाराखालचा असा प्रवाह फ्रान्सिस कोहाऊट यांनी १९६० च्या दशकात मांडला होता. एनेवेटाकच्या खोल विहिरीतलं पाणी बाहेरच्या भरती-ओहोटीबरोबर हलतं, म्हणजे खडक समुद्राशी जोडलेला आहे.

पण हेच उत्तर सगळीकडे चिकटवता येत नाही. पॅसिफिकमधल्याच फुनाफुटी कंकणद्वीपावरच्या १८९६ ते १८९८ मधल्या बोअरने ३४० मीटर गाठले, बेसॉल्ट लागला नाही, आणि डोलोमाइट मात्र २०० मीटरांच्या अलीकडेच सुरू झाला. जपानच्या किता-दाइतो बेटावर तर तो अगदी वरच्या थरांत आहे. तिथे खोलीच्या थंड पाण्याचं कारण लागू पडत नाही. उथळ जागी दुसरं इंजिन लागतं: लगूनमधलं पाणी बाष्पीभवनाने जड होऊन खाली झिरपणं, किंवा लाटा आणि भरतीने पाणी खडकात रेटलं जाणं.

१५ जुलै

गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मिश्रणाचं प्रतिमान मुलांच्या नोट्समध्ये अजून ठळक आहे. बादिओझामानी यांनी १९७३ मध्ये मांडलेला आलेख देखणा आहे: ठरावीक मिश्रणात पाणी कॅल्साइटसाठी असंपृक्त आणि डोलोमाइटसाठी अतिसंपृक्त होतं. कागदावर एनेवेटाकसारखीच स्थिती. पण आजच्या किनाऱ्यांवरचे मिश्रणपट्टे पाहिले तर तिथे मुख्यतः गुहा सापडतात, डोलोमाइट नावापुरता. मिश्रणात मॅग्नेशियमही पातळ होतं, म्हणजे १,५०० घनमीटरांचा आकडा आणखी फुगतो. प्रतिमान पूर्ण चुकीचं म्हणत नाही, पण बेटभर डोलोमाइट त्यावर टाकायला मी तयार नाही.

आमच्या कोअरसाठी मिश्रण वगळण्याची चाचणी ऑक्सिजन समस्थानिकांची. पाऊसपाण्याचा वाटा असेल तर मूल्यं ऋणाकडे सरकतात. समुद्राच्या साध्या पाण्यातले बेटी डोलोमाइट साधारण +२ ते +४ प्रति हजार देतात. नमुने पाठवलेत.

१९ जुलै

शेवटचं काम वयाचं. समुद्रातल्या स्ट्रॉन्शियमचं ८७/८६ गुणोत्तर गेली सुमारे ४ कोटी वर्षं वाढत आलंय, आज ते ०.७०९२ च्या जवळ आहे. डोलोमाइट ज्या पाण्यातून झाला त्याचं गुणोत्तर तो धरून ठेवतो. एनेवेटाकमध्ये अशाच मोजमापाने दिसलं की खडक इओसीनचा असला तरी डोलोमाइट त्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे.

नमुना काढताना मात्र हात आखडता हवा. प्रवाळाच्या अ‍ॅरागोनाइटमध्ये स्ट्रॉन्शियम ७,५०० पीपीएमच्या आसपास, बेटी डोलोमाइटमध्ये २०० च्या आसपास. पुडीत फक्त ५ टक्के अ‍ॅरागोनाइट राहिला तर त्याचा वाटा ३७५, डोलोमाइटचा १९०. म्हणजे मोजलेल्या स्ट्रॉन्शियमपैकी दोन तृतीयांश प्रवाळाचं, आणि निघालेलं वय बदलाचं नसून बरंचसं भित्तीचं. त्यामुळे पुडी आधी सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये धुवायची, कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट निघून जातात, डोलोमाइट बहुतेक टिकतो. मग पुन्हा एक्सआरडी, २६.२ आणि २९.४ अंशांवर काही उरलं नाही याची खात्री, आणि त्यानंतरच मोजणी. पोकळीचं अस्तर आणि चिखलातला डोलोमाइट वेगवेगळे खरवडायचे, कारण थिन सेक्शनमध्ये ते वेगवेगळ्या वेळचे दिसलेत. दोन्हींचं गुणोत्तर एकच आलं तर सगळा बदल एका सलग प्रवाहात झाला असं म्हणता येईल. वेगळं आलं तर इंजिन किमान दोनदा चाललं.